रिकामी जागा

अरेरा कॉलोनीतल्या त्या कोचिंग क्लासमध्ये प्रमिला गिरडकरला चौदा वर्षं झाली होती. या चौदा वर्षांत तिला एकच बिरुद चिकटलं. दहावीवाली मॅडम.

क्लास औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. तीन खोल्या. अकरावी-बारावीची खोली सर्वांत मोठी, कूलरची. तिथे प्रमिला कधी शिकवायला गेली नव्हती. खडू संपला की मागायला जायची, इतकंच.

तिचे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले. शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये ती वाढली. गणितात बी.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात. एम.एस्सी.चं एक वर्ष केलं आणि लग्न होऊन भोपाळातच बरखेड्याला गेली. दुसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. नवरा कारखान्यात. घरी कुणी तिला कमी लेखत नसे. कमी लेखायचं काम क्लासचे मालक मधुकर उमाळकर चोख करत.

"बाई, तुम्ही दहावी अशी काही चालवता की विचारू नका," ते म्हणायचे. "पोरांचे मार्क जात नाहीत. पण अकरावीचं गणित म्हणजे वेगळं प्रकरण. त्याला डोकं लागतं."

हे ते कौतुकाच्या सुरात म्हणत. म्हणून जास्त लागायचं.

त्या वर्षी जुलैत अकरावीचे सर अचानक सोडून गेले. प्रमिला मालकांच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "अकरावी मला द्या. यंदा नाही दिली तर परत मागणार नाही."

उमाळकरांनी क्लासची जुनी रीत पुढे केली. नवीन शिक्षकाने आठ दिवस शिकवायचं. आठव्या दिवशी पोरांनी चिठ्ठ्या टाकायच्या. हो किंवा नाही. नाव लिहायचं नाही. जास्त चिठ्ठ्या 'हो' असतील तर बॅच तिची. नाहीतर समीरची.

समीर सव्वीस वर्षांचा. इंजिनिअर झालेला, फडाफड बोलणारा. त्याच्या छापील शीटा पोरं जीव लावून जपायची. आठही दिवस तो शेवटच्या बाकावर बसणार होता. 'निरीक्षण' म्हणून. उमाळकरांचाच हुकूम.

सात दिवस वाईट गेले. वर्गात एकतीस मुलं. निम्मी तिनेच दहावीला शिकवलेली. तीच जास्त छळायची. ती फळ्याकडे वळली की मागून दहावीच्या कविता ऐकू यायच्या. कुणीतरी रोज तिच्या टेबलावर दहावीचं पुस्तक आणून ठेवायचं. अनिकेत त्यात पुढे. दहावीत त्याला गणितात शंभरपैकी नव्याण्णव होते. तो एक मार्क तिच्यामुळे गेला असं तो सगळ्यांना सांगे.

आठव्या दिवशी सकाळी समीरची नवी शीट तिच्या हाती पडली. विषय होता सिद्धता. सातवा प्रश्न, √१२ अपरिमेय आहे हे सिद्ध करा. खाली सोडवून दिलेलं. प्रमिलाने ते वाचलं. चौथ्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"१२ ने p² ला भाग जातो. म्हणून १२ ने p ला भाग जातो."

ओळ साफ चूक होती. क्लासच्या चारही शाखांत छापून गेलेली चूक.

तिला आनंद झाला. चांगला आनंद नव्हता तो. सात दिवस दात खाऊन गप्प बसलेल्या माणसाला होतो तसा. आज समीरला त्याच्याच पोरांपुढे उभा करायचा, तिने ठरवलं. स्कूटर काढताना तिने उदाहरणंही जुळवली.

वर्गात शिरून तिने फळ्यावर फक्त दोन चिन्हं काढली. √२.

एकच हशा झाला.

"मॅडम, पुन्हा दहावी?" अनिकेत म्हणाला. "तुमचं मन तिथून निघतच नाही ना."

"तुला येतं?"

"झोपेत येतं."

"मग जागेपणी कर. ये फळ्यावर."

तो आला. खडू उडवत झेलला आणि लिहीत सुटला. एक ओळसुद्धा न अडखळता.

√२ परिमेय आहे असं धरा. म्हणजे √२ = p/q. p आणि q पूर्ण संख्या, q शून्य नाही, दोघांत एकाखेरीज सामाईक विभाजक नाही.

वर्ग केला. p² = २q².

म्हणजे २ ने p² ला भाग जातो.

म्हणून २ ने p ला भाग जातो.

म्हणून p = २m. मग ४m² = २q². म्हणजे q² = २m². म्हणून २ ने q लाही भाग जातो.

दोघांनाही २ ने भाग गेला. पण सामाईक विभाजक नाही असं आपण धरलं होतं. विसंगती. म्हणून √२ अपरिमेय.

"चार मार्क," अनिकेत म्हणाला आणि हात झटकले.

"एक सांग. दोघांत सामाईक विभाजक नाही असं आधीच का धरलंस?"

"तसंच असतं मॅडम."

"तसंच नसतं. कुठलाही अपूर्णांक छोटा करता येतो. सहा दशांश म्हणजे तीन पंचमांश. √२ अपूर्णांक असेल तर तोही अगदी शेवटपर्यंत छोटा करून घेता येईल. आपण तो छोटा करून घेतला. आता त्यात काही कापण्यासारखं उरलेलं नाही. शेवटी मात्र दोन सापडला, कापता येणारा. सगळी सिद्धता या एका भांडणावर उभी आहे."

"ठीक है," मागून कुणीतरी जांभई देत म्हणालं.

"आता चौथी ओळ. २ ने p² ला भाग जातो, म्हणून p ला जातो. का?"

"थिअरम आहे."

"कुठला?"

"असतो तो. असं असतं तर तसं असतं." वर्ग हसला. अनिकेतने वाकून मुजरा केला आणि जागेवर गेला.

प्रमिला हसली नाही. तिने फळ्यावरचा २ बोटाने पुसला. घातांक सोडून जिथे जिथे तो होता तिथून. मोकळ्या जागी ४ लिहिला, ४m² चा १६m² केला.

"आता वाचा. कोण वाचतंय? रसिका, तू."

रसिका खिडकीजवळ बसे. हीही तिचीच दहावीची. बोलायची कमी, बघायची जास्त आणि जे बघायची ते तिला आवडत नसे. ती बसूनच वाचू लागली. "√४ परिमेय आहे असं धरा. p² = ४q². ४ ने p² ला भाग जातो. म्हणून ४ ने p ला भाग जातो. मग p = ४m. १६m² = ४q². q² = ४m². ४ ने q लाही भाग जातो. विसंगती. म्हणून √४..."

ती थांबली.

"पूर्ण कर."

"म्हणून √४ अपरिमेय आहे."

"√४ किती?"

"दोन," रसिका म्हणाली. "पण हे असं होत नाही."

"झालं आहे. तूच वाचलंस. सिद्धता तीच, शब्द तेच, आणि दोन ही संख्या अपूर्णांकात लिहिता येत नाही असं निघालं. आता शोधा. खोटी ओळ कुठली?"

आठ दिवसांत पहिल्यांदा वर्ग गप्प झाला. गप्पपणा प्रेमाचा नव्हता. फसवलं गेल्यावर माणसं गप्प होतात तसा होता.

"पहिलीच," एक जण म्हणाला. "परिमेय धरायचंच नव्हतं."

"का नाही? दोन परिमेयच आहे. दोन भागिले एक. मग p किती, q किती?"

"p दोन, q एक."

"घाला. एकेका ओळीत घाला."

रसिका आता उभी राहिली होती. "p² म्हणजे ४. ४q² म्हणजे ४. बरोबर. ४ ने ४ ला भाग जातो. बरोबर. म्हणून ४ ने..." ती फळ्याकडे बघत राहिली. "४ ने २ ला भाग जात नाही."

"म्हणजे?"

"चौथी ओळ खोटी आहे."

"चारासाठी खोटी. दोनासाठी?"

काही जण वह्यांत शोधू लागले.

"दोनासाठी खरी. पण का खरी, ते अनिकेतने सांगितलं नाही. कारण त्याला माहीत नाही. ओळ आपोआप खरी होत नसते." प्रमिलाने शीट वर धरली. हीच वेळ तिने सकाळपासून राखून ठेवली होती. "आणि हे फक्त अनिकेतला माहीत नाही असं नाही. ही सर्वांकडे आहे ना? सातवा प्रश्न काढा. √१२. चौथी ओळ. p सहा घ्या. ३६ ला १२ ने भाग जातो?"

"जातो."

"सहाला?"

पानं सळसळली. मग एकेक मान मागे वळली. शेवटच्या बाकाकडे.

समीर वहीत काहीतरी लिहीत होता. त्याने शांतपणे पेनचं टोपण लावलं.

"मॅडम," तो म्हणाला, "चूक आहे. मान्य. पण ओळ माझी नाही."

"शीट तुमची आहे."

"शीट माझी. हा प्रश्न मी घाईत क्लासच्या साच्यातून उचलला. इथे आलो तेव्हा उमाळकर सर म्हणाले, दहावीचा साचा पक्का आहे, तोच पुढे चालू ठेवा. पोरांना विचारा साचा कुणाचा."

प्रमिलाला आधी कळलं नाही. अनिकेतला मात्र कळलं. तो उठला, खांद्यावर नसलेला पदर सारखा केला, बोट वर धरलं आणि तिच्याच आवाजात, तिच्याच संथ लयीत सुरू झाला.

"लिखो बच्चो. खाली जगह ने p² को भाग दिया."

मागच्या चौघांनी सूर धरला. मग दहांनी. ज्यांना ज्यांना तिने शिकवलं होतं त्या सगळ्यांनी.

"इसलिए खाली जगह ने p को भी भाग दिया. खाली जगह में संख्या भर दो. दो आए तो दो, तीन आए तो तीन. चार नंबर पक्के."

शेवटचं वाक्य इतकं हुबेहूब झालं की तिला स्वतःचा घसा दुखल्यासारखं वाटलं.

तिला सगळं आठवलं. दहा-अकरा वर्षांपूर्वी एका मुलीचे बोर्डात याच प्रश्नाचे मार्क गेले होते. उमाळकर चिडले होते. मग तिने साचा बनवला. आकड्याच्या जागी रिकामी चौकट. पुस्तकात त्या प्रमेयाआधी एक शब्द होता, प्राइम, म्हणजे मूळ संख्या. संख्या प्राइम असेल तरच. तो शब्द तिने काढून टाकला होता. दहावीला २, ३ आणि ५ एवढेच येतात. तिन्ही प्राइमच. पोरं शब्दाला अडतात. कशाला ठेवायचा?

तेव्हापासून दरवर्षी दोन बॅचेसनी तो साचा पाठ केला होता. मार्क कधी गेले नाहीत.

"बोला मॅडम," अनिकेत म्हणाला. "सरांना उभं केलंत. आता कोण उभं राहायचं?"

ती उभीच होती. पळून जायचं तर दार चार पावलांवर होतं. साच्यात 'प्राइम' होता, तुम्हीच उतरवून घेतला नाही, असंही म्हणता आलं असतं. कुणाकडे जुन्या वह्या होत्या?

"ओळ माझी आहे," ती म्हणाली. "चूक माझी आहे. 'प्राइम' हा शब्द मी काढला. मार्कांसाठी काढला. सकाळी शीट वाचली तेव्हा मी स्वतःची ओळ ओळखलीसुद्धा नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. "वा," कुणीतरी म्हणालं, आणि ते कौतुक नव्हतं.

ती फळ्याकडे वळली. तिने ४ पुसले आणि पुन्हा २ लिहिले. चौथ्या ओळीच्या शेजारी जागा केली.

"चौथी ओळ आज लिहून देते. दहावीतच द्यायला हवी होती. p ही पूर्ण संख्या. ती सम असेल नाहीतर विषम. तिसरं काही नाही. समजा विषम आहे. म्हणजे p = २k + १. वर्ग करा."

"४k² + ४k + १," रसिका म्हणाली. रागानेच म्हणाली, पण म्हणाली.

"पहिल्या दोन पदांना दोनाने भाग जातो. उरतो एक. म्हणजे विषमाचा वर्ग विषमच. पण आपला p² तर सम आहे, २q² आहे. म्हणून p विषम असूच शकत नाही. उरलं काय?"

"सम."

"झाली चौथी ओळ. q साठीही हेच कारण. आता सिद्धता पूर्ण आहे. √३ साठी दोन शक्यता बघायच्या. तिनाने भाग न जाणारी संख्या एकतर ३k + १ असते, नाहीतर ३k + २. दोघींच्या वर्गात तिनाने भागल्यावर बाकी एकच उरते, शून्य कधीच नाही. म्हणून p² ला तिनाने भाग गेला तर p ला जायलाच हवा. चाराला हे जमत नाही. दोनाला चाराने भाग जात नाही, पण त्याच्या वर्गाला जातो. चार दोन-दोनचा बनलाय. अर्धा माल p आणतो, वर्ग केला की पूर्ण भरतो. प्राइमचे असे तुकडेच पडत नाहीत."

"मग √१२?" समीरने मागून विचारलं. तिला पाडायलाच विचारलं होतं.

"√१२ म्हणजे २√३. ते परिमेय असेल तर दोनाने भागल्यावर √३ ही परिमेय होईल. आणि √३ नाही, हे आत्ता झालं. उत्तर तुमचं बरोबर होतं, समीर सर. रस्ता खोटा होता. माझाच."

घंटा झाली. उमाळकर चिठ्ठ्यांचा डबा घेऊन दारातच उभे होते. कधीपासून, ते तिला कळलं नाही.

चिठ्ठ्या केबिनमध्ये उघडल्या. उमाळकर एकेक वाचून दोन ढिगांत टाकत गेले. डावा ढीग वाढत गेला. सत्तावीस नाही. तीन हो.

शेवटच्या चिठ्ठीवर हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, '√६ कसं? ६ प्राइम नाही, पण त्याची चौथी ओळ मला तोडता येत नाहीये.'

"ही बाद," उमाळकर म्हणाले आणि चिठ्ठी टोपलीकडे भिरकावली. ती काठावर आपटून खाली पडली. प्रमिलाने वाकून उचलली.

"बाई, तुम्ही माझ्या क्लासचा साचा माझ्या पोरांसमोर खोटा ठरवलात. चार शाखांत शीट गेलीय. आता घरून फोन आले तर मी काय सांगू?"

"खोटी आहे असं सांगा. मी दुरुस्त करून देते."

"दुरुस्ती समीर करेल. अकरावी त्याची." त्यांनी चिठ्ठ्या गोळा करून खणात टाकल्या. "दहावी तुमचीच. तिथे सम-विषमाचा तमाशा नको. साचा आहे तोच चालवायचा. दहावीत दोन, तीन, पाचच येतात. तुम्हीच म्हणाला होतात."

"मीच म्हणाले होते."

"मग झालं."

"पण चालवणार नाही."

उमाळकरांनी चष्मा काढला. "अकरावी गेली म्हणून राग का? राग घरी काढा. उद्यापासून मी वर्गाच्या दाराच्या काचेतून बघणार आहे. साचा चालला नाही तर महिनाअखेरपर्यंतच दहावी तुमची. त्यानंतर दहावीही समीरकडे."

जिन्यात अनिकेत आणि त्याचे मित्र उभे होते. ती आली तसे बाजूला झाले, पण आदराने नाही. "मॅडम," अनिकेत म्हणाला, "माझा तो एक मार्क, तो पण असाच गेला असेल ना?"

"असेल," ती म्हणाली. "पेपर आणून दाखव. बघू."

तो खाली बघू लागला. ती स्कूटरकडे गेली.

बरखेड्यापर्यंत √६ तिच्या डोक्यात होता. सहा प्राइम नाही, खरंच. पण p² ला सहाने भाग गेला म्हणजे दोनानेही गेला आणि तिनानेही. दोन प्राइम, म्हणून p ला दोन जातो. तीन प्राइम, म्हणून p ला तीनही जातो. दोन्ही गेले म्हणजे सहा जातो. सहाचे तुकडे वेगवेगळे आहेत. चारात मात्र दोनच दोनदा आला, म्हणून चार फसवतो. बारातही तोच दोनदा आलेला दोन. सिग्नलला मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा तिला कळलं की हिरवा होऊन गेलाय. चिठ्ठी कुणाची, ते तिला कधीच कळलं नाही. उत्तर कुणाला द्यायचं, तेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दहावीची बॅच. पंचेचाळीस मुलं, नवीन. आदल्या वर्षीच्या पोरांकडून त्यांनी सगळं ऐकलं होतं. दहावीवाली मॅडम साचा देते, साच्यात चार मार्क. पट्टी आणि पेन हातात घेऊनच बसली होती.

काचेपलीकडे उमाळकर येऊन उभे राहिले. हातात चहाचा कप.

प्रमिलाने फळ्यावर √२ लिहिलं. अपूर्णांक का छोटा करून घ्यायचा ते सांगितलं. वर्ग केला. तिसरी ओळ लिहिली. चौथ्या ओळीपाशी येऊन खडू थांबला.

पहिल्या बाकावरच्या मुलाने पट्टी वहीवर टेकवून तयारीनं विचारलं, "मॅम, खाली जगह कहाँ छोड़नी है?"

"कहीं नहीं," ती म्हणाली. "पट्टी खाली ठेव. पेनही. आधी मला सांग, विषम संख्येचा वर्ग सम होतो का?"

मुलाने शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्याने तोंड वाकडं केलं. मागून कुणीतरी म्हणालं, "ये नई मॅम है क्या?" पेनं चिडून बाकांवर पडू लागली, एकामागून एक. काचेपलीकडे उमाळकरांच्या ओठांपासून कप खाली आला.

ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.